डीएससी जमा करायला निघालेला तालुका: ई-फेरफार, तलाठी आणि न जुळणारं क्षेत्र

२०१६ चा उन्हाळा. तालुका पश्चिम महाराष्ट्रातला, नाव देत नाही. गावं नव्वदच्या आसपास, साझे म्हणजे एकेका तलाठ्याकडचे गावांचे गट तीसेक, सर्कल सहा. मी तिथं नायब तहसीलदार होतो आणि ई-फेरफारचं काम माझ्याकडे, म्हणजे महसुलात ज्याला डीबीए म्हणतात तो मी. एका सोमवारी तालुक्यातले जवळपास सगळे तलाठी एकत्र आले आणि तहसीलदारांच्या टेबलावर निवेदन ठेवलं. सर्व्हर चालत नाही, लॅपटॉप आणि नेटचं डोंगल स्वतःच्या खिशातून घेतलंय, हाताने पण लिहा आणि कॉम्प्युटरवर पण भरा असं दुहेरी काम चाललंय, जुन्या लोकांनी केलेल्या चुका आमच्या सहीने का काढायच्या, आणि हे मिटत नाही तोवर आमच्या डीएससी, म्हणजे डिजिटल सहीच्या चाव्या, आम्ही तहसीलला जमा करतो.

ज्यांना महसूलचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. जमीन विकली, कोणी वारलं, बँकेचा बोजा चढला की तलाठी फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना सहामध्ये नोंद घेतो, संबंधितांना नोटीस देतो, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी म्हणजे सर्कल ती नोंद मंजूर करतो आणि मग सातबारा बदलतो. जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५० म्हणजे हेच. हे सगळं पूर्वी हाताने चालायचं. सातबारे कॉम्प्युटरवर आधीच चढवलेले होते पण हस्तलिखित आणि संगणकीय यांचा मेळ अनेक ठिकाणी नव्हता, कारण चढवताना ऑपरेटरने टायपिंगच्या चुका केल्या, काही फेरफार नंतर हाताने वहीत बसले ते कॉम्प्युटरवर गेलेच नाहीत. ई-फेरफार आलं तेव्हा नोंद ऑनलाइन, मंजुरी ऑनलाइन, आणि मंजूर झाली की सातबारा आपोआप बदलणार. मग ज्या सातबाऱ्यावर हा फेरफार बसणार तो मुळात बरोबर पाहिजे की नाही, म्हणून एडिट मॉड्यूल आलं. तलाठ्याने गावातला एकेक सातबारा उघडायचा, हस्तलिखिताशी ताडायचा, दुरुस्त करायचा, आणि पूर्ण गाव झालं की घोषणापत्र द्यायचं की माझं गाव जुळलंय. त्यानंतर हाताने लिहिणं बंद.

तहसीलदारांचा पहिला विचार नोटिसा काढायचा होता. वरून टक्केवारी मागत होते, रोज संध्याकाळी जिल्ह्याच्या ग्रुपवर कोणता तालुका किती टक्के ते यायचं, त्यामुळे त्यांचंही चुकत नव्हतं. पण नोटीस काढली तर काय होणार ते दिसत होतं. तलाठी डीएससी घेऊन परत येणार, लॉगिन करून बसणार, आणि संध्याकाळी सांगणार साहेब सर्व्हरच नव्हता. ते खरं की खोटं हे आपण कशावरून ठरवणार? सर्व्हर स्लो आहे हे वाक्य असं आहे की ते खरं असतानाही खरं कारण झाकू शकतं. मी आठवडाभर थांबायची विनंती केली आणि साहेबांनी ती मानली.

त्या आठवड्यात एकच काम केलं. एक साधा छापील तक्ता दिला, लॉगिन किती वाजता केलं, कोणता गट नंबर उघडला, उघडायला किती वेळ लागला, सेव्ह झालं का, आणि नाही झालं तर स्क्रीनवर काय आलं. तलाठ्यांना वाटलं हे आपल्यावरच उलटणार. एका ज्येष्ठ भाऊसाहेबांनी तोंडावर विचारलं, रावसाहेब, हा तक्ता उद्या खातेचौकशीत लागणार नाही कशावरून? तेव्हा तक्त्यावरून नावाचा रकाना काढला आणि फक्त मंडळाचं नाव ठेवलं. त्यानंतर तक्ते खरे भरून आले, निदान मला तरी तसं वाटलं, कारण त्यात तलाठ्यांच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टीही होत्या.

तक्त्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली, सर्व्हरची तक्रार शंभर टक्के खरी. सकाळी अकरा ते चार या वेळात एक सातबारा उघडायला काही मिनिटं लागायची, मध्येच लॉगआउट व्हायचं, आणि अर्धवट केलेली दुरुस्ती सेव्ह न होता जायची म्हणजे परत पहिल्यापासून. पहाटे आणि रात्री नऊनंतर मात्र चालायचं. म्हणजे ही माणसं दिवसा लोकांची कामं, पंचनामे, वसुली, निवडणुकीचं बीएलओचं काम असं सगळं करून रात्री घरी बसून सातबारे जुळवत होती आणि सकाळी दहाला चावडीत हजर असावं ही अपेक्षा वर होतीच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चांगल्या वेळेतसुद्धा काही साझ्यांचं काम हलतच नव्हतं. सर्व्हर चालू, माणूस बसलेला, लॉगिन झालेलं, पण चार-पाच गटांवर अडून बसलेला. आणि हे सगळे जवळजवळ एकाच जागी अडले होते, अहवाल एकमध्ये.

अहवाल एक म्हणजे गटाचं एकूण क्षेत्र आणि त्यातल्या खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळत नाही अशा सातबाऱ्यांची यादी. उदाहरण घेऊन सांगतो, कारण सगळं प्रकरण इथंच आहे. एक गट, एकूण क्षेत्र ४ हेक्टर १२ आर. बाप वारला, तीन भावांत वाटप झालं, फेरफार मंजूर झाला तीसेक वर्षांपूर्वी. तेव्हाच्या तलाठ्याने तिघांना प्रत्येकी १ हेक्टर ३७ आर लिहिलं. बेरीज येते ४ हेक्टर ११ आर. एक आर कुठं गेला? कुठंच नाही, भागाकार करताना सुटला. खरं तर ४१,२०० चौरस मीटरचे तीन भाग म्हणजे दोघांना १.३७.३३ आणि एकाला १.३७.३४ असं लिहिलं असतं तर बरोबर बसलं असतं, पण वहीत चौरस मीटर कोण लिहीत होतं. कागदावर हे तीस वर्षं चाललं, बँकेने कर्ज दिलं, कोणी हरकत घेतली नाही. कॉम्प्युटर मात्र हा गट लाल दाखवतो आणि तो निघेपर्यंत गावाचं घोषणापत्र होत नाही.

आता तलाठ्याच्या जागी बसून बघा. त्याला लेखी सूचना काय आहे, जसं हस्तलिखित तसं संगणकीय करा. हस्तलिखितात १.३७ आहे म्हणून त्याने १.३७ ठेवलं तर अहवालात चूक राहते आणि टक्केवारी अडते. त्याने स्वतः ३३ चौरस मीटर वाढवले तर बेरीज जुळते पण आदेशाशिवाय क्षेत्रात बदल केला हे त्याच्या डीएससीवर कायमचं राहतं, आणि उद्या त्या तिघांतला एक जण कोर्टात गेला तर विचारणार तलाठ्यालाच. शाईने लिहिलेल्या वहीत कोणी केव्हा काय खोडलं हे शोधायला लागायचं, इथं तारीख, वेळ, नाव सगळं एका क्लिकवर. ज्या माणसाने ती चूक केली तो कधीच रिटायर झालाय. म्हणून जुन्या चुका आमच्या सहीने का, हे निवेदनातलं वाक्य नुसतं कारण सांगायला म्हणून लिहिलेलं नव्हतं, विरोधाचं मूळ तेच होतं, आणि ते निवेदनात चौथ्या नंबरवर होतं कारण सर्व्हरबद्दल बोलणं सोपं असतं, मी घाबरलोय हे लिहिणं अवघड असतं.

यावर कायद्यात उपाय आहे, कलम १५५. लेखन प्रमादाची चूक असेल किंवा हितसंबंधी पक्षांना चूक मान्य असेल तर तहसीलदार आदेश करून दुरुस्ती करू शकतो. तलाठ्याने प्रस्ताव द्यायचा, सोबत हस्तलिखित सातबारा, मूळ फेरफाराची नक्कल, सर्कलचा अहवाल, खातेदारांना नोटीस, मग आदेश. अडचण अशी होती की हे प्रस्ताव तहसीलला यायचे आणि संबंधित कारकुनाच्या टेबलावर इतर पन्नास विषयांत पडून राहायचे, एखादी त्रुटी निघाली की परत साझ्यावर, असं दोन-दोन महिने. तलाठी म्हणायचा प्रस्ताव दिलाय, तहसील म्हणायची पूर्तता नाही, आणि ग्रुपवर टक्केवारी तशीच.

मग असं ठरलं की आठवड्यातून दोन दिवस तहसीलदार, मी आणि एक अव्वल कारकून मंडळाच्या गावी जाऊन बसायचं. तलाठ्याने फक्त अडलेले गट आणायचे, दप्तर सोबत, आणि शक्य असेल तिथं खातेदारांना आधी नोटीस देऊन त्याच दिवशी बोलवायचं. आम्ही गटांचे तीन ढीग करायचो. नुसती ऑपरेटरची टायपिंगची चूक असेल, हस्तलिखितात बरोबर आणि कॉम्प्युटरवर चूक, तर ते एडिटमध्येच तलाठ्याने करायचं, आदेशाची गरज नाही, पण तेसुद्धा आम्ही त्याच्या यादीवर तपासलं म्हणून सही करून द्यायचो, म्हणजे त्याला आधार. दुसरा ढीग त्या तीन भावांसारखा, हस्तलिखितातच चूक आहे पण हक्क कोणाचा बदलत नाही आणि सगळे हजर राहून मान्य करतायत, त्याचा १५५ चा आदेश जागेवर. तिसरा ढीग वादाचा. एकाचं क्षेत्र वाढलं की दुसऱ्याचं कमी होणार आहे, किंवा वारसांची नावंच सुटली आहेत. याला १५५ लावायचं नाही म्हणजे नाही, संबंधिताला सांगायचं की मूळ फेरफारावर प्रांतांकडे अपील करा. हा तिसरा ढीग वेगळा ठेवणं फार गरजेचं आहे कारण १५५ च्या नावाखाली हक्क फिरवल्याची प्रकरणं महसुलात पुष्कळ झालीत, आणि तलाठ्यांना नेमकी त्याचीच भीती होती की टक्केवारीच्या घाईत साहेब आपल्याकडून भलतंच करून घेतील. तिसऱ्या ढिगातले गट साहेब स्वतः नाही म्हणून बाजूला काढतायत हे बघितल्यावर भरवसा बसायला लागला. माझ्या मते कोणत्याही ट्रेनिंगपेक्षा याचा उपयोग जास्त झाला. पहिल्या महिनाभरात डीएससी जमा करायचा विषय कोणी काढला नाही, निवेदन मागे घेतलं असंही कोणी म्हटलं नाही, ते तसंच फाइलला राहिलं.

दुहेरी कामाचं मात्र वेगळं होतं, तिथं भीती नव्हती, निव्वळ वेळ जात होता. मे-जूनमध्ये पीककर्जासाठी सातबाऱ्याला गर्दी. सोसायटी म्हणायची हस्तलिखित आणा, कॉम्प्युटरचा चुकीचा असतो, दुसरी बँक म्हणायची कॉम्प्युटरचाच पाहिजे. तलाठी दोन्ही देत बसायचा आणि दोन्हीत फेरफार ओढत बसायचा. एका गावात एकच पद्धत असा नियम केला. ज्या गावाचं घोषणापत्र झालं त्या गावाची हस्तलिखित पुस्तकं बंद करून तहसीलच्या रेकॉर्डला जमा, चावडीवर तसा बोर्ड, बँका आणि सोसायट्यांना तहसीलदारांच्या सहीचं पत्र गावांच्या यादीसह. जे गाव झालं नाही तिथं फक्त हस्तलिखित. आणि सुरुवात कोणत्या गावापासून, तर प्रत्येक तलाठ्याने आपल्या साझ्यातलं सगळ्यात लहान गाव आधी घ्यायचं. जिल्ह्याचं म्हणणं होतं मोठी गावं आधी घ्या म्हणजे सातबाऱ्यांचा आकडा पटकन वाढेल, पण मोठ्या गावात दोन महिने घासून हाताला काहीच लागत नाही आणि वही चालूच राहते. लहान गाव पंधरा-वीस दिवसांत झालं की त्या एका गावाचं तरी हाताने लिहिणं सुटतं, ते तलाठ्याला स्वतःला जाणवतं, बायकोलाही जाणवतं की आज रात्री हे लॅपटॉपवर नाहीत.

आता जरा नाजूक भाग. तालुक्यात काही साझ्यांत झिरो तलाठी होते. म्हणजे खाजगी माणूस, तलाठ्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं दप्तर सांभाळणारा, पगार तलाठी देतो, कागदोपत्री तो कुठंच नाही. ई-फेरफार आल्यावर हाच माणूस लॅपटॉप चालवायला लागला आणि काही ठिकाणी डीएससी आणि पासवर्डही त्याच्याकडे. हे कसं कळलं तर एकदा मासिक बैठकीत सगळे तलाठी समोर बसलेले असताना त्यातल्याच एका लॉगिनवरून दुरुस्त्या चालू होत्या. ओरडून विषय संपवता आला असता पण त्याने चावी त्या माणसाच्या खिशातून निघून फक्त टेबलाखाली गेली असती. मी त्या भाऊसाहेबांना एकटं बोलावलं. वय अठ्ठावन्नच्या दिशेनं झुकलेलं, गावचा एकेक गट तोंडपाठ, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलेलं, स्क्रीनवरचे बारीक आकडे दिसतच नव्हते. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, सांगितलं तर काम येत नाही असा शेरा पडेल म्हणून. त्यांना माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम ४२ वाचून दाखवलं, की चावी आपल्या ताब्यात ठेवणं ही सही ज्याच्या नावावर आहे त्याची जबाबदारी, उद्या त्या पोराने एका सातबाऱ्यावरचा बोजा काढला तर तो तुम्ही काढला असंच धरलं जाईल. पेन्शनच्या तोंडावर हे ऐकल्यावर ते गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी चावी स्वतःच्या गळ्यात अडकवून आले.

पण दिसत नाही ही अडचण तर राहिलीच. म्हणून नव्या भरतीचा एक तरुण तलाठी त्यांच्याबरोबर दिला, तसंच आणखी काही जोड्या लावल्या. पहिल्या काही आठवड्यांत हे बिघडलं. तरुण पोरं फुकटचे टायपिस्ट झाले, ज्येष्ठांची गावं पुढं सरकली आणि त्यांचे स्वतःचे साझे मागं पडले, आणि बैठकीत बोलणी त्यांनाच. दोघांनी येऊन सांगितलं की सर आम्हाला पण आता नको. मग देवाणघेवाण ठरवली. तरुणाने ज्येष्ठाचे जितके सातबारे भरायचे तितके त्याच्या साझ्यातले अवघड गट ज्येष्ठाने बसून सोडवून द्यायचे. आणि इथं एक गोष्ट समोर आली ती मला आधी लक्षात आलेली नव्हती. नव्या पोरांना कॉम्प्युटर येत होता पण दप्तर येत नव्हतं. जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे ए.कु.मॅ. लिहिलेलं असतं, एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी जमीन कुटुंबाची, भावांचे आणि बहिणींचे हक्क त्या तीन अक्षरांत असतात. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मालक लहान होता तेव्हा आईचं किंवा चुलत्याचं नाव पालक म्हणून लागलेलं. एका तरुणाने ही अक्षरं टायपिंगचा कचरा समजून साफ करायला घेतली होती. ज्येष्ठ भाऊसाहेबांनी बघितलं आणि त्याचा हात धरला, म्हणाले, अरे बाबा, हे काढलंस तर चार बहिणींची जमीन गेली. त्या दिवसानंतर त्या जोडीत कोण कोणाला शिकवतोय हा प्रश्न राहिला नाही, आणि नवीन सिस्टीममध्ये आपली किंमत शून्य झाली अशी जी भावना ज्येष्ठांत होती ती बरीच कमी झाली.

सर्कलांचा विरोध आवाज न करणारा होता म्हणून उशिरा दिसला. ते निवेदनावर सह्या करायला आले नव्हते. पण झालेल्या गावांतही ऑनलाइन नोंदी मंजुरीविना पडून राहायला लागल्या. वहीत मंजुरी देताना तारीख आपल्या हातात असायची, ऑनलाइन मध्ये नोटीस कधी बजावली ते भरल्याशिवाय आणि मुदत संपल्याशिवाय पुढं जाता येत नाही आणि नोंद किती दिवस कोणाकडे आहे ते वरून दिसतं. एक-दोन सर्कल तर तलाठ्याकडून नोंदीची प्रिंट काढून घ्यायचे, त्यावर पेनाने सही करायचे, आणि क्लिक सवडीने. त्यांच्याबाबतीत समजावणं फारसं कामाला आलं नाही. तहसीलदारांनी एवढंच केलं की मासिक बैठकीत महिन्याच्या वर पडलेली प्रत्येक नोंद क्रमांकाने वाचायची आणि सर्कलने तिचं कारण सांगायचं. हरकत आली असेल तर ती सहा-अ ला म्हणजे विवादग्रस्तच्या रजिस्टरला घेतली का, नसेल तर का थांबली. सगळ्यांसमोर कारण नाही असं दोनदा सांगायला लागलं की तिसऱ्यांदा नोंद पडलेली नसते.

टक्केवारीच्या स्पर्धेने मात्र एक घाण केली आणि ती पकडायला वेळ लागला. जिल्ह्याच्या ग्रुपवर रोज क्रमवारी यायला लागल्यावर दोन साझे अचानक वर गेले. अहवाल एकमधले शेकड्यातले गट तीन-चार रात्रीत शून्य. १५५ चे आदेश तर तेवढे झालेलेच नव्हते. मग बेरीज जुळली कशी? खातेदारांचं क्षेत्र वाढवायला आदेश लागतो म्हणून कोणीतरी गटाचं एकूण क्षेत्रच कमी केलं होतं. म्हणजे त्या वरच्या उदाहरणात ४.१२ चं ४.११. काही ठिकाणी पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र कमी-जास्त करून मेळ बसवला होता. अहवालात चूक दिसत नाही, गाव हिरवं, पण जमिनीचं मूळ क्षेत्रच बदललं. हे उघडं पडतं ते आकारबंदाशी ताडल्यावर. आकारबंद म्हणजे भूमी अभिलेखकडचं रजिस्टर, प्रत्येक गटाचं मोजणीने ठरलेलं क्षेत्र आणि आकार म्हणजे शेतसारा, आणि तलाठ्याने काहीही केलं तरी ते बदलत नाही. त्यानंतर आमच्या तालुक्यात असं ठरलं की गावातल्या सगळ्या गटांची बेरीज आकारबंदाच्या गावच्या बेरजेशी जुळल्याशिवाय घोषणापत्र घ्यायचंच नाही, आणि एखाद्या साझ्याचा चुकांचा आकडा आदेशांच्या संख्येपेक्षा फार जास्त खाली आला की त्याचे वीस गट काढून बघायचे. टक्केवारी चार-पाच टक्के खाली आली. तहसीलदारांनी जिल्ह्याला जाऊन कारण सांगितलं आणि बोलणी खाल्ली, तलाठ्यांना बैठकीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटतं त्या माणसाने तिथं सगळ्यात अवघड काम केलं.

ज्या दोन साझ्यांत हे झालं त्यातल्या एकाने समोर बसून चूक मान्य केली, सगळे गट परत उघडून घेतले, त्याला काही केलं नाही. दुसऱ्या ठिकाणी ते काम झिरो तलाठ्याने केलं होतं, चावी देऊ नका असं लेखी कळवल्यानंतरही. तिथं शिस्त व अपील नियम, १९७९ खाली प्रस्ताव गेला. पूर्ण काळात शिस्तभंगाचा तेवढा एकच प्रस्ताव, आणि त्यावर संघटनेचा माणूससुद्धा भांडायला आला नाही, कारण निवेदनावर सह्या केल्या म्हणून कोणालाही नोटीस गेलेली नव्हती हे त्यांनी बघितलं होतं.

सर्व्हरचं काय, तर सर्व्हर आमच्या हातात नव्हताच. जे हातात होतं ते केलं. तहसीलच्या एका खोलीत सरकारी नेटवर्कची वायरची लाइन होती तिथं आठ-दहा टेबलं लावली आणि ती खोली पहाटे सहापासून उघडी ठेवली, चावी शिपायाकडे आणि शिपायाला त्याबदल्यात दुपारी सुट्टी. जे तलाठी आठवड्यातले ठरलेले दोन दिवस पहाटे काम करतील त्यांनी त्या दिवशी चावडीवर दुपारी एकनंतर यायचं, तसा बोर्ड गावात. याला लोकांचा विरोध होईल असं वाटलेलं, पण भाऊसाहेब कधी भेटणार हे नक्की कळतंय म्हटल्यावर लोक उलट खूश होते. लॅपटॉप आणि नेटचा खर्च हा प्रश्न राज्यपातळीचा होता, संघटना त्यावर वर भांडत होती, आणि आम्ही तलाठ्यांना ते भांडू नका असं कधी म्हटलं नाही. खर्चाची मागणी रास्तच होती.

२०१७ ला राज्यभर चावडी वाचनाची मोहीम आली. गावात बसून सातबारे मोठ्याने वाचायचे, लोकांनी ऐकून चुका सांगायच्या. तलाठ्यांना आधी वाटलं आणखी एक बोजा. प्रत्यक्षात ज्या गावांत वाचन नीट झालं तिथल्या तलाठ्यांचा घोषणापत्रावर सही करतानाचा घोर कमी झाला, कारण खातेदाराने स्वतः ऐकून बरोबर म्हटलेलं होतं. एका गावात एक आजी उठून म्हणाल्या माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं, माझं का नाही, ते जाऊन सात वर्षं झाली. वारसाची वर्दीच कोणी दिलेली नव्हती. तिथंच अर्ज घेतला. पण काही गावांत वाचन फक्त कागदावर झालं, सह्या गोळा केल्या आणि संपलं, हेही खरं आहे, आणि नंतर रि-एडिट करायची वेळ आली तेव्हा जास्त चुका अशाच गावांतून निघाल्या.

१ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला तेव्हा आमची बहुतेक गावं त्यात बसली. जी राहिली त्यातली बरीचशी एकत्रीकरण योजनेतली. सर्व्हे नंबरचे गट करताना तेव्हाच घोळ झालेला, सातबारा एक सांगतो, आकारबंद दुसरंच, आणि जागेवर वहिवाट तिसऱ्याचीच. यात तलाठी, सर्कल, तहसीलदार कोणीच काही करू शकत नाही, ते प्रस्ताव भूमी अभिलेखकडे जातात आणि तिथं मोजणीचे आधीचेच नंबर लागलेले. त्या गावांचे तलाठी बैठकीत अजूनही मागं दिसायचे, म्हणून त्यांची गावं टक्केवारीच्या हिशोबातून वेगळी काढून एक स्वतंत्र यादी केली, गटनिहाय, कोणत्या तारखेला प्रस्ताव गेला आणि कोणाकडे आहे त्याची, आणि माझी बदली झाली तेव्हा पुढच्या डीबीएच्या हातात पहिली तीच दिली.